०.५८ हा आकडा नेमका कशाचा? अँटी-टेन-ए चाचणी, नमुन्याची वेळ आणि दोन कॅलिब्रेशन कर्व्ह

हे प्रकरण एका मोठ्या रुग्णालयातले आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधांच्या मात्रा, वेळा आणि चाचणीचे आकडे मात्र निर्णय समजण्यासाठी लागतात, म्हणून ते दिले आहेत. रक्तगोठण प्रयोगशाळेचा सल्लागार म्हणून मी यात चौथ्या दिवशी दुपारी आलो.

पार्श्वभूमी

७१ वर्षांच्या, ५८ किलो वजनाच्या बाई दम लागतो म्हणून दाखल झाल्या. कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या धमनीत गुठळी दिसली. त्याच रात्री ८ वाजता एनॉक्सापॅरिन सुरू झाले. हे कमी रेणुभाराचे हेपारिन, म्हणजे एलएमडब्ल्यूएच. मात्रा दर किलोला १ मिग्रॅ या हिशोबाने ६० मिग्रॅ, त्वचेखाली, सकाळी ८ आणि रात्री ८ अशी. दाखल होताना क्रिएटिनिन १.० होते आणि त्यावरून काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला साधारण ४७ मिली येत होता. तेव्हा ही मात्रा योग्यच होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना उलट्या होऊ लागल्या, खाणेपिणे सुटले आणि रक्तदाब खाली आला. त्यातच कॉन्ट्रास्टचा भार मूत्रपिंडांवर होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रिएटिनिन १.७ झाले. एनॉक्सापॅरिन शरीराबाहेर जाते ते मुख्यतः मूत्रपिंडातून, त्यामुळे औषध साठत असेल अशी शंका निवासी डॉक्टरांना आली आणि त्यांनी हेपारिनची पातळी मोजायला सांगितली. ही शंका अगदी वेळेवर आलेली होती. एलएमडब्ल्यूएचवर असलेल्या बहुतेक रुग्णांना ही चाचणी लागत नाही. मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण, गर्भवती, फार जाड किंवा फार कृश रुग्ण आणि लहान बाळे अशा मोजक्या ठिकाणीच ती उपयोगी पडते, आणि या बाई त्यात बसत होत्या.

संगणकावर चाचण्यांच्या यादीत एकच नाव होते: Heparin Anti-Xa. डॉक्टरांनी ते निवडले आणि ‘सकाळच्या रक्तासोबत’ असे लिहिले.

अडचण

चौथ्या दिवशी सकाळी ६:३० वाजता, नेहमीच्या तपासण्यांबरोबर, रक्त घेतले गेले. ८ वाजता पुढचे इंजेक्शन दिले गेले. साडेनऊला अहवाल आला: ०.५८ युनिट प्रति मिली, अपेक्षित मर्यादा ०.३० ते ०.७०. राउंडच्या नोंदीत ‘पातळी मर्यादेत, तीच मात्रा चालू ठेवावी’ असे लिहिले गेले. त्याच सकाळी क्रिएटिनिन २.३ आले होते.

अकराच्या सुमारास दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. अंग पुसताना परिचारिकेला पोटावर इंजेक्शनच्या जागी तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. आणि मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांची औषधे रोज तपासणाऱ्या क्लिनिकल फार्मासिस्टने हा अहवाल पाहून प्रयोगशाळेत फोन केला. त्यांनी विचारले, “मॅडम, हे ०.५८ कोणत्या हेपारिनच्या कर्व्हवर काढलंय? बाई एनॉक्सापॅरिनवर आहेत, आणि नमुना डोसनंतर साडेदहा तासांनी घेतलाय.”

सगळे प्रकरण या एका प्रश्नात आहे. छापलेली ०.३ ते ०.७ ही मर्यादा साध्या, म्हणजे अखंड शिरेतून चालणाऱ्या हेपारिनची (यूएफएच) होती. आकडा यूएफएचच्या कर्व्हवर काढला होता. आणि रक्त अशा वेळी घेतले होते जेव्हा दिवसातून दोनदा दिल्या जाणाऱ्या एनॉक्सापॅरिनची पातळी तळाला असायला हवी. औषध, कर्व्ह आणि वेळ या तिन्हींचा मेळ नव्हता, तरी अहवाल नीटनेटका दिसत होता. म्हणूनच तो धोकादायक होता. ‘१.४’ असा आकडा आला असता तर कोणीतरी थांबून विचारले असते.

चाचणी नेमके काय मोजते

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे निर्णय यावर उभे आहेत.

हेपारिन स्वतः काही अडवत नाही. ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला, म्हणजे गोठण्याचे फॅक्टर अडवणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि त्याचा वेग कित्येक पटींनी वाढवते. चाचणीत रुग्णाच्या प्लाझ्मामध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर टेन-ए ठरावीक, जास्तीच्या प्रमाणात घालतात. हेपारिन आणि अँटिथ्रॉम्बिनची जोडी त्यातला काही भाग निकामी करते. उरलेला टेन-ए एका कृत्रिम सबस्ट्रेटचे तुकडे करतो, त्यातून पिवळा रंग सुटतो आणि यंत्र तो ४०५ नॅनोमीटरवर वाचते. रंग जितका कमी, तितके हेपारिन जास्त.

यंत्राला दिसतो तो फक्त रंग. त्या रंगाचा ‘युनिट प्रति मिली’ होतो तो कॅलिब्रेशन कर्व्हमुळे: ज्यांची पातळी आधी ठाऊक आहे असे कॅलिब्रेटर चालवून काढलेल्या रेषेवर रुग्णाचा रंग बसवला जातो. आता यूएफएच हे लांब-आखूड साखळ्यांचे मिश्रण आहे, सरासरी रेणुभार १५,००० डाल्टनच्या आसपास. ते टेन-ए आणि थ्रॉम्बिन या दोघांना साधारण सारख्याच जोराने अडवते. एलएमडब्ल्यूएचच्या साखळ्या आखूड, सरासरी ४,००० ते ६,००० डाल्टन. थ्रॉम्बिन अडवायला किमान १८ साखर-घटकांची साखळी लागते आणि ती यातल्या बहुतेक साखळ्यांत नसते. टेन-ए अडवायला मात्र पाच घटकांचा तो ठरावीक तुकडा पुरतो. म्हणून एलएमडब्ल्यूएचचा भर टेन-एवर. दोन्ही औषधांची ‘युनिट’ त्यांच्या त्यांच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकावरून ठरतात, आणि चाचणीच्या ठरलेल्या वेळात दोघांची टेन-ए संपवण्याची गती अगदी एकसारखी नसते. त्यामुळे तोच रंग यूएफएचच्या रेषेवर एक आकडा देतो आणि एलएमडब्ल्यूएचच्या रेषेवर दुसरा.

फरक किती आणि कोणत्या बाजूला, हे किट आणि यंत्रावर अवलंबून असते. काही किटमध्ये दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात, काहींत नाही. ‘यूएफएचच्या कर्व्हवर एलएमडब्ल्यूएच नेहमी कमीच येते’ असा सरसकट नियम मांडता येत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या किटवर हे स्वतः पाहायला हवे.

या प्रयोगशाळेत एलएमडब्ल्यूएचचा कर्व्ह यंत्रात साठवलेला होता, कॅलिब्रेटर आणि कंट्रोलही होते. पण मागणीच्या यादीतल्या एकमेव नावाशी यूएफएचचा कर्व्ह जोडलेला होता, कारण चाचणी सुरू झाली ती अतिदक्षता विभागातल्या हेपारिन ड्रिपसाठी. तंत्रज्ञांनी आधी एलएमडब्ल्यूएचचे कंट्रोल चालवले, ते मर्यादेत आले, आणि मग सकाळचेच रंगाचे वाचन त्या कर्व्हवर बसवले. उत्तर आले ०.७४.

त्या सकाळी यूएफएचचे कंट्रोलही व्यवस्थित मर्यादेत होते. गुणवत्ता नियंत्रणात काहीच चुकले नव्हते. कंट्रोल एवढेच सांगतो की ही रेषा स्वतःशी प्रामाणिक आहे. समोरच्या रुग्णाला ती लागू आहे का, हे तो सांगू शकत नाही.

पहिला निर्णय: सकाळचा नमुना फेकायचा की वाचायचा?

‘चुकीच्या वेळी घेतलेला नमुना, रद्द करा’ हा सहज सुचणारा मार्ग होता, आणि वॉर्डमधल्या एका सहकाऱ्यांचे मत तेच होते. मला ते पटले नाही. एलएमडब्ल्यूएचसाठी छापलेल्या मर्यादा डोसनंतर ३ ते ५ तासांच्या शिखरपातळीसाठी असतात, बहुतेक ठिकाणी ४ तास धरतात, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर, पातळी स्थिर झाल्यावर. दिवसातून दोनदा उपचाराची मात्रा असेल तर शिखर ०.६ ते १.० असावे. दिवसातून एकदाच मोठी मात्रा असेल तर १.० ते २.०. साडेदहा तासांनी घेतलेला नमुना या मर्यादांशी ताडता येत नाही, हे खरे.

पण तळाची पातळी निरर्थक नसते. मूत्रपिंड ठीक असते, शिखर १.० असते आणि अर्धायुष्य पाचएक तासांचे धरले, तर शिखरानंतर साडेसहा तासांनी ०.४ च्या आसपास उरायला हवे. इथे ०.७४ होते. म्हणजे औषध साठत होते, आणि ते दाखवायला तळाचाच नमुना सर्वांत कामाचा ठरला. अट एकच, की तो तळाचा आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे.

तेव्हा ठरले की नमुना ठेवायचा, त्यावर ‘डोसनंतर १०.५ तास, एलएमडब्ल्यूएच कर्व्ह’ असे लिहून सुधारित अहवाल द्यायचा आणि शिखराचा दुसरा नमुना घ्यायचा. सकाळचा डोस ८ ला दिलेला होता, म्हणजे दुपारचे १२ हीच नेमकी वेळ होती. परिचारिकेने डोसची खरी वेळ औषधाच्या पत्रकावरून पाहिली, नुसत्या ठरलेल्या वेळेवर विसंबून राहिली नाही. ८:०५. नमुना १२:०५ ला, ३.२ टक्के सायट्रेटच्या नळीत, रेषेपर्यंत भरून घेतला.

उत्तर: १.४६.

हिमोग्लोबिन ११.४ वरून १०.२ झाले होते. प्लेटलेट २ लाखांच्या वर होत्या, म्हणजे हेपारिनमुळे प्लेटलेट घटण्याच्या विकाराचा संशय त्या घडीला नव्हता. रक्तदाब स्थिर होता. पोटाच्या सोनोग्राफीत रक्त साचलेले दिसले ते त्वचेखाली आणि स्नायूच्या आवरणापर्यंत, आत नाही.

पर्याय

मात्रा आहे तशी ठेवणे हा आता पर्याय उरला नव्हता. बाकीचे तीन गंभीरपणे तोलले गेले.

पहिला, एनॉक्सापॅरिन दिवसातून एकदा ६० मिग्रॅ करणे. क्लिअरन्स मिनिटाला ३० मिलीच्या खाली गेल्यावर हीच शिफारस असते. सूत्राने क्लिअरन्स साधारण २० येत होता. पण क्रिएटिनिन अजून चढत होते, आणि चढत्या क्रिएटिनिनवर काढलेला क्लिअरन्स खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. मूत्रपिंड कुठे थांबेल हे माहीत नसताना लांब टिकणारे औषध देत राहणे धोक्याचे वाटले.

दुसरा, प्रोटामिन देऊन परिणाम उलटवणे. प्रोटामिन यूएफएचला जवळजवळ पूर्ण निष्प्रभ करते, पण एलएमडब्ल्यूएचचा टेन-एवरचा परिणाम त्याने जेमतेम ६० टक्के ओसरतो. रक्तस्राव जिवावरचा नव्हता आणि फुप्फुसातली गुठळी चार दिवसांचीच होती. प्रोटामिन तयार ठेवायचे, द्यायचे नाही असे ठरले.

तिसरा, एनॉक्सापॅरिन थांबवून यूएफएचच्या ड्रिपवर नेणे. यूएफएचचे अर्धायुष्य तास-दीड तासाचे, मूत्रपिंडावर त्याची फारशी भिस्त नाही आणि नळी बंद केली की काही तासांत परिणाम संपतो. रक्तस्राव वाढला तर हातात नियंत्रण राहते. हाच मार्ग निवडला.

दुसरा निर्णय: ड्रिप कधी सुरू करायची?

एलएमडब्ल्यूएचवरून यूएफएचवर जाताना नेहमीचा शिरस्ता असा की पुढचा डोस जेव्हा द्यायचा असता, साधारण तेव्हा ड्रिप सुरू करावी. या हिशोबाने रात्रीचे ८. पण हा शिरस्ता औषध नेहमीच्या गतीने बाहेर पडते असे धरून चालतो, आणि इथे तेच घडत नव्हते.

म्हणून रात्री ८ ला आधी पातळी पाहिली, अर्थात एलएमडब्ल्यूएच कर्व्हवर. ०.७९. आठ तासांत १.४६ वरून ०.७९, म्हणजे अर्धायुष्य साधारण नऊ तासांचे. याच गतीने पहाटे ६ ला ०.३७ च्या आसपास यायला हवे होते. ०.५ च्या खाली गेल्याशिवाय ड्रिप नको असे ठरले. पहाटेचा नमुना ०.३६ आला आणि सकाळी ७ ला, सुरुवातीचा बोलस, म्हणजे एकदम दिली जाणारी मोठी मात्रा, न देता, दर किलोला तासाला १२ युनिट, म्हणजे तासाला साधारण ७०० युनिट या गतीने यूएफएच सुरू झाले. गुठळीच्या उपचारात नेहमी १८ ने सुरुवात करतात. इथे डाग आणि उरलेले औषध पाहून कमी गती घेतली.

रात्री ८ ते सकाळी ७ या काळात रुग्ण औषधाविना होती का, असा प्रश्न नातेवाइकांनी विचारला, आणि तो रास्त होता. नव्हती. तिच्या रक्तात त्या वेळी आधीचेच औषध उपचाराच्या पातळीवर होते, आणि चाचणीने तेच दाखवले. चाचणीचा या प्रकरणातला सर्वांत चांगला उपयोग मला तरी हाच वाटतो.

तिसरा निर्णय: मिश्र नमुना कोणत्या कर्व्हवर?

ड्रिप सुरू झाल्यावर किंवा गती बदलल्यावर यूएफएचचा नमुना ६ तासांनी घेतात. तेवढ्यात पातळी स्थिर होते. शिखर-तळ असा प्रश्न इथे नसतो, कारण औषध अखंड चालू असते. महत्त्वाचे असते ते ड्रिप नसलेल्या हातातून रक्त घेणे. सलाइनच्या वरच्या बाजूने घेतलेला एक नमुना रुग्णाची अख्खी दिवसभराची गती चुकवू शकतो.

दुपारी १ चा नमुना आला तेव्हा प्रयोगशाळेतून फोन आला: “सर, आता यूएफएच लावू की एलएमडब्ल्यूएच?” प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याला पूर्ण अचूक उत्तर नाही. रक्तात दोन्ही होती. आधीच्या गतीने पाहता एनॉक्सापॅरिनचे ०.२ च्या आसपास उरलेले असणार. कोणताही एक कर्व्ह अशा मिश्रणाला तंतोतंत लागू पडत नाही.

यूएफएचचा कर्व्ह लावला, कारण यापुढे बदलणार होती ती यूएफएचची गती आणि पुढचे सगळे आकडे एकाच रेषेवर हवेत. अहवालात ‘एलएमडब्ल्यूएचचा अंश शिल्लक’ अशी टीप घातली. आकडा आला ०.४०. सोबत एपीटीटी केला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहिले. तो नियंत्रणाच्या जेमतेम १.३ पट होता. एलएमडब्ल्यूएचचा एपीटीटीवर परिणाम कमी असतो, यूएफएचचा जास्त. म्हणजे ०.४० मधला बराच वाटा जुन्या औषधाचा होता.

मग गती लगेच वाढवायची का? नाही. उरलेले एनॉक्सापॅरिनही गुठळी रोखतच असते. ०.४० हा ‘खोटा’ आकडा नव्हता, तो एकूण परिणाम होता. फक्त तो पुढच्या तासांत घसरणार हे ठाऊक असायला हवे होते. गती तीच ठेवली आणि संध्याकाळी ७ ला पुन्हा पाहिले: ०.३१. अपेक्षेप्रमाणे घसरण.

चौथा निर्णय: रात्रीचा ०.१९

रात्री १ चा नमुना ०.१९ आला. वॉर्डच्या तक्त्यानुसार ०.२ च्या खाली बोलस देऊन गती ४ युनिटांनी वाढवायची होती. रात्रीच्या डॉक्टरांनी सिरिंज भरण्याआधी प्रयोगशाळेला विचारले की नमुना केव्हा फिरवला. नळी दोन तासांहून जास्त तशीच पडून होती.

नळीत प्लेटलेट असतात, त्यांतून प्लेटलेट फॅक्टर ४ सुटतो आणि तो हेपारिनला बांधून निकामी करतो. हे शरीरात नव्हे, नळीत घडते. यूएफएचला हे जास्त लागते, म्हणून सायट्रेटची नळी तासाभरात सेंट्रिफ्यूज करायची असते. नमुना पुन्हा घेतला आणि लगेच फिरवला. ०.२६.

०.१९ आणि ०.२६ मधला फरक लहान दिसतो, पण तक्त्यात एका बाजूला बोलस आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसती २ युनिटांची वाढ. दीड दिवसापूर्वी १.४६ वर असलेल्या, पोटावर रक्त साचलेल्या बाईंना बोलस मिळाला नाही तो त्या एका प्रश्नामुळे. गती दर किलोला १४ केली, सहा तासांनी ०.२९ आले, मग १६ केली आणि ०.३६ वर पातळी स्थिरावली.

परिणाम

डाग वाढला नाही. हिमोग्लोबिन ९.८ वर थांबले, रक्त द्यावे लागले नाही. उलट्या थांबल्या, द्रव मिळाले आणि क्रिएटिनिन सातव्या दिवसापासून उतरू लागले. गुठळीचा त्रास वाढल्याचे कोणतेही चिन्ह दिसले नाही. क्लिअरन्स ४० च्या वर आल्यावर ड्रिप थांबवून ॲपिक्साबॅनच्या गोळ्या सुरू झाल्या.

एवढ्यावरून ‘१.४६ मुळेच रक्तस्राव झाला’ असे मी म्हणणार नाही. अँटी-टेन-ए पातळी आणि रक्तस्राव यांचा संबंध ढोबळ आहे. १.४ वर काहीच न होणारे रुग्ण असतात आणि ०.८ वर रक्त जाणारेही. एकाच पोटावर सलग इंजेक्शने, वय, घसरलेले मूत्रपिंड, सगळ्यांचा वाटा असेल. औषध साठत होते आणि अहवालाने ते झाकले, इतके मात्र ठामपणे म्हणता येते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. ‘सकाळच्या रक्तासोबत’ ऐवजी ‘रात्री ८ च्या डोसनंतर ४ तासांनी’ असे लिहिले असते, तर मध्यरात्रीच शिखराची पातळी कळली असती आणि सकाळचा डोस टळला असता. पण हे निवासी डॉक्टरांच्या आठवणीवर सोडणे योग्य नाही. मागणीच्या पडद्यावर औषध आणि शेवटच्या डोसची वेळ विचारलीच गेली नव्हती.

आता तिथे यादीत दोन नावे आहेत, एक यूएफएचचे आणि एक एलएमडब्ल्यूएचचे. प्रत्येकाला त्याचा कर्व्ह आणि त्याचीच मर्यादा जोडली आहे. एलएमडब्ल्यूएच निवडले की दिवसातून एकदा की दोनदा, आणि शेवटच्या डोसची वेळ भरल्याशिवाय मागणी पुढे जात नाही. नमुना ३ ते ५ तासांच्या बाहेरचा असेल तर अहवालात मर्यादा छापलीच जात नाही. तिथे किती तासांनी घेतला ते येते आणि अर्थ लावण्यासाठी फोन करा असे येते. हा शेवटचा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आकड्याशेजारी मर्यादा दिसली की डोळे ताडून पाहतातच.

दोन नावांऐवजी एकच ‘हायब्रिड’ कर्व्ह वापरावा का, यावर प्रयोगशाळेत बरीच चर्चा झाली. यात यूएफएच आणि एलएमडब्ल्यूएच दोन्हींचे कॅलिब्रेटर मिळून एक रेषा काढतात. चुकीचा कर्व्ह निवडला जाण्याचा प्रश्न मिटतो, रात्री एकटा तंत्रज्ञ असतो तिथे हे सोयीचे आहे, आणि औषध बदलतानाच्या मिश्र नमुन्यालाही ते त्यातल्या त्यात बरे. पण ही रेषा चालते ती दोन्ही रेषा मुळात जवळ असलेल्या किटवरच. इथे एकाच रंगाला ०.५८ आणि ०.७४ असे आकडे येत होते. अशा किटवर मधली रेषा काढली तर दोन्ही औषधांसाठी थोडी थोडी चूक कायमची घरात येते. म्हणून किट बदलल्याशिवाय हायब्रिड नको असे ठरले. नवीन किट आले तर आधी दोन्ही औषधांवरच्या रुग्णांचे नमुने तिन्ही रेषांवर चालवून पाहायचे, विशेषतः ०.३, ०.७ आणि १.० च्या आसपास, कारण निर्णय तिथेच बदलतात. आणि हायब्रिड कर्व्ह आला तरी नमुन्याच्या वेळेचा प्रश्न तो सोडवणार नाही.

रात्रीच्या नमुन्यांसाठी नळी प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि फिरवल्याची वेळ अहवालात येऊ लागली आहे. तासाच्या वर गेलेला यूएफएचचा नमुना नाकारला जातो आणि वॉर्डला लगेच कळवले जाते.

एक गोष्ट या बाईंच्या बाबतीत घडली नाही, पण मागणीच्या पडद्यावर आम्ही ती मुद्दाम जोडली: गेल्या तीन दिवसांत ॲपिक्साबॅन किंवा रिव्हरॉक्साबॅन घेतले आहे का? ही औषधे टेन-एला थेट अडवतात, त्यामुळे हेपारिनच्या कोणत्याही कर्व्हवर रंग नाहीसा होतो आणि आकडा आभाळाला भिडतो. प्रत्यक्षात हेपारिन नगण्य असले तरी. अशा रुग्णाला यूएफएच लावावे लागले तर पहिले काही दिवस एपीटीटीवर चालवावे आणि अँटी-टेन-ए नंतर सुरू करावी. बाई घरी जाताना ॲपिक्साबॅनवर होत्या, त्यामुळे त्यांच्या कागदावर ही टीप ठळक लिहिली आहे.